ओटीपी अडतो कुठे आणि भुर्दंड पडतो कोणावर



सातबारा, आठ-अ, फेरफार, बँकेचे पासबुक ही कागदपत्रे आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीची आहेत. आता त्यांत आणखी एका कागदाची भर पडली आहे. हा कागद हातात धरता येत नाही, पिशवीत ठेवता येत नाही आणि दहा मिनिटांत नासतो. सहा आकड्यांचा हा कागद म्हणजे ओटीपी. एकदाच चालणारा, वापरला की संपणारा परवलीचा आकडा.

महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. पीएम-किसानच्या हप्त्यासाठी ई-केवायसी त्याआधीच सक्तीची होती. २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा तर मोबाईलवरच्या ॲपमध्ये नाव नोंदवणे आले. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. पण तो भाव कागदावरून खिशात यायचा तर वाटेत कुठे ना कुठे मोबाईलवर आकडा येण्याची वाट पाहावी लागते. आकडा आला नाही तर काउंटरवरचे उत्तर ठरलेले आहे : ‘तुमच्या फोनला रेंज नाही, उद्या या.’

उद्या या म्हणजे काय? ज्वारीच्या काढणीचा एक दिवस, जाण्यायेण्याचे भाडे, आणि केंद्रावर पुन्हा तीच रांग. हा खर्च कोणत्याही हिशेबात धरला जात नाही, कारण तो शेतकऱ्याच्या खिशातून जातो. आमचे म्हणणे एवढेच आहे की ओटीपी नेमका कुठे अडला हे बहुतेक वेळा पंधरा मिनिटांत ओळखता येते. अडचण आपल्या फोनमध्ये असेल तर ती आपण दूर करू. पण ती पलीकडे असेल तर तिचा भुर्दंड आपण का सोसायचा?

मेसेजची वाट

आपला कापूस शेतातून गिरणीत एका उडीत जात नाही. मध्ये गाडी आहे, बाजार आहे, जिनिंग आहे. ओटीपीचेही तसेच आहे. केंद्रावर बसलेला मुलगा बटण दाबतो तेव्हा ती मागणी आधी आधारच्या किंवा बँकेच्या यंत्राकडे जाते. ते यंत्र आकडा तयार करते आणि घाऊक मेसेज पाठवणाऱ्या कंपनीच्या हवाली करते. ती कंपनी तो आपल्या मोबाईल कंपनीच्या मेसेज केंद्रात पोहोचवते. मेसेज केंद्र एका मोठ्या नोंदवहीत पाहते की हा नंबर या घडीला कोणत्या भागातल्या टॉवरखाली आहे. मग त्या भागातले टॉवर फोनला हाक मारतात, फोन ओ देतो, मेसेज उतरतो, आणि फोन ‘पोचला’ अशी पोच परत पाठवतो.

हे सगळे नीट चालले तर पाच-दहा सेकंदांचे काम आहे. पण फोनने ओ दिली नाही तर मेसेज केंद्र तो मेसेज टाकून देत नाही, गोदामात ठेवते. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करते, तो फसला तर आणखी थांबून करते. दर प्रयत्नामागे थांबण्याचा वेळ वाढत जातो. शेतात रेंज नव्हती आणि एसटी स्टँडवर आल्याबरोबर पाच मेसेज एकदम आले, हा अनुभव सगळ्यांचा आहे. ते मेसेज हरवलेले नव्हते, गोदामात पडून होते.

इथेच खरी गोम आहे. साधा मेसेज दोन तासांनी आला तरी वाचता येतो. आधारचा ओटीपी मात्र फक्त १० मिनिटे चालतो, आणि त्याचे घड्याळ आकडा तयार झाला त्या क्षणी सुरू होते, आपल्या फोनवर उतरला तेव्हा नाही. म्हणजे मोबाईल कंपनीच्या दफ्तरी मेसेज ‘पोचला’ अशी नोंद होते, आधारच्या दफ्तरी ‘पाठवला’ अशी नोंद होते, आणि शेतकऱ्याच्या हाती मेलेला आकडा येतो. दोन्ही दफ्तरे खरी आणि काम मात्र झालेले नाही.

पहिली तपासणी : मेसेज जातोय तरी कोणत्या नंबरवर?

आधारचा ओटीपी आपण अर्जात लिहिलेल्या नंबरवर येत नाही. तो आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. हा फरक माहीत नसल्यामुळे अनेक जण चुकीचा फोन हातात धरून बसतात. दहा वर्षांपूर्वी आधार काढताना कोणी पुतण्याचा नंबर दिला, कोणी कॅम्प लावणाऱ्याचा. ते सिम आज कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

हे पाहायला ओटीपी लागत नाही. `myaadhaar.uidai.gov.in` या संकेतस्थळावर ‘Check Aadhaar Validity’ असे एक पान आहे. तिथे आधार क्रमांक आणि चित्रातली अक्षरे भरली की जोडलेल्या मोबाईलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. आपल्या हातातल्या नंबरशी ते जुळत नसतील तर दिवसभर बटण दाबले तरी मेसेज येणार नाही. नंबर बदलण्यासाठी आधार केंद्रावर किंवा टपाल खात्याच्या बँकेचे यंत्र जवळ असलेल्या पोस्टमनकडे जाता येते. ऑक्टोबर २०२५ पासून या दुरुस्तीचे शुल्क ७५ रुपये आहे. त्यापेक्षा जास्त मागणाऱ्याला पावती मागा.

एका घरात एकच नंबर नवऱ्याच्या, बायकोच्या आणि म्हाताऱ्या आईच्या आधारला जोडलेला असतो. यात गैर काही नाही. पण एका बैठकीत तिघांची कामे करताना आकड्यांची सरमिसळ होते. आधारच्या मेसेजमध्ये ज्याचा ओटीपी आहे त्याच्या आधारचे शेवटचे चार आकडे लिहिलेले असतात. ते वाचूनच आकडा सांगावा.

दुसरी तपासणी : शेजाऱ्याच्या फोनवरून एक मेसेज

नंबर बरोबर आहे, तरी ओटीपी येत नाही. आता शेजारी उभ्या असलेल्या माणसाला आपल्या नंबरवर एक साधा मेसेज पाठवायला सांगा. व्हॉट्सॲप नव्हे, साधा एसएमएस. त्याचे सिम दुसऱ्या कंपनीचे असेल तर उत्तम.

हा मेसेज लगेच आला तर आपल्या मोबाईल कंपनीच्या टॉवरपासून आपल्या फोनपर्यंतची वाट मोकळी आहे. मग अडचण वरच्या बाजूला समजावी : पाठवणारे यंत्र, घाऊक कंपनी किंवा त्यांच्यामधली चाळणी. ‘तुमच्या फोनला रेंज नाही’ हे उत्तर त्या क्षणी खोटे ठरते.

तो मेसेजही आला नाही तर अडचण खालच्या बाजूला आहे : टॉवर, सिम किंवा फोन. मग आपले सिम काढून दुसऱ्याच्या फोनमध्ये घाला आणि पुन्हा मेसेज मागवा. तिथे आला तर दोष आपल्या फोनचा. तिथेही आला नाही तर दोष सिमचा किंवा टॉवरचा. त्याच कंपनीच्या दुसऱ्या माणसाला त्याच जागी मेसेज येतो का पाहिले की सिम आणि टॉवर यांचाही निवाडा होतो.

दोन खुळचट समजुती इथेच सोडून देऊ. एक, व्हॉट्सॲप चालते म्हणजे मेसेज यायलाच हवा, ही. व्हॉट्सॲप इंटरनेटवर चालते, एसएमएस वेगळ्या व्यवस्थेतून येतो. एक चालू असून दुसरे बंद असू शकते. दुसरी, फोनच्या सेटिंगमधला मेसेज सेंटरचा नंबर दुरुस्त करा म्हणजे ओटीपी येईल, ही. तो नंबर आपण मेसेज पाठवताना लागतो. येणाऱ्या मेसेजशी त्याचा संबंध नाही. जाहिराती बंद करण्यासाठी १९०९ वर नोंद केली म्हणून ओटीपी अडला, असेही कोणी सांगते. ती नोंद जाहिरातींसाठी आहे, ओटीपी त्यातून वगळलेला आहे.

फोनमध्ये काय अडते

बटणाच्या साध्या फोनची सर्वांत मोठी अडचण म्हणजे भरलेली पेटी. असे अनेक फोन मेसेज सिमवर ठेवतात आणि सिमवर फार तर काही डझन मेसेज मावतात. कंपनीच्या जाहिरातींनी ती पेटी भरते. मग नवा मेसेज आला की फोन मेसेज केंद्राला ‘जागा नाही’ असे कळवतो आणि मेसेज पुन्हा गोदामात जातो. पडद्याच्या कोपऱ्यात पाकिटाचे चिन्ह लुकलुकत असेल तर ती हीच खूण. जुने मेसेज पुसले, फोन बंद करून चालू केला, की अडलेले मेसेज उतरू लागतात. केंद्रावर जाण्याच्या आदल्या रात्री हे काम करून ठेवावे.

दोन सिमच्या फोनची अडचण वेगळी आहे. बहुतेक अशा फोनांत एका सिमवर बोलणे चालू असताना दुसरे सिम बंद पडल्यासारखे असते; टॉवरच्या हाकेला ओ देत नाही. बोलणे संपेपर्यंत त्या सिमचा मेसेज अडतो. एकाच सिमवर बोलत असताना त्याच सिमचा मेसेज मात्र सहसा येतो.

मोठ्या फोनमध्ये मेसेजच्या ॲपमधला ‘Spam & blocked’ हा कप्पा पाहावा. कंटाळून एखाद्या नावाला ब्लॉक केले असेल तर त्याचे मेसेज तिथे जाऊन पडतात. मे २०२५ पासून मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर येते. `-G` म्हणजे सरकारी, `-T` म्हणजे व्यवहाराचा, `-S` म्हणजे सेवेचा आणि `-P` म्हणजे जाहिरात. ब्लॉक करायचेच तर शेवटचे अक्षर पाहून करावे.

फोन विमान मोडवर अर्धा मिनिट ठेवून परत चालू केला की ओटीपी येतो, हा अनुभव खरा आहे आणि त्याला कारण आहे. फोन नव्याने टॉवरकडे हजेरी लावतो, नोंदवही दुरुस्त होते, आणि ‘हा नंबर आता सापडला’ अशी सूचना मेसेज केंद्राला जाते. गोदामात अडलेला माल तेव्हा सुटतो. मात्र वरच्या बाजूलाच मेसेज अडला असेल तर या युक्तीचा उपयोग नाही.

एक उदाहरण मिनिटामिनिटाने

आता हे सगळे एका जागी कसे घडते ते पाहू. धरून चला, एक शेतकरी तालुक्याच्या केंद्रावर ई-केवायसीला गेला आहे. त्याच्या आधारला जोडलेले सिम घरी बायकोकडच्या दोन सिमच्या फोनमध्ये आहे. सकाळी ११ वाजता केंद्रावरचा मुलगा पहिला ओटीपी मागवतो. शेतकरी घरी फोन लावतो आणि आकडा वाचून दाखव म्हणतो. बायको म्हणते, आलाच नाही. फोन चालूच राहतो, कारण तो येण्याची वाट पाहायची आहे. पण हा फोन लागला आहे त्याच मोबाईलच्या दुसऱ्या सिमवर. म्हणजे वाट पाहण्यासाठी चालू ठेवलेला फोनच ओटीपीला दार बंद करून बसला आहे.

११ वाजून ३ मिनिटांनी मुलगा पुन्हा बटण दाबतो, ११ वाजून ५ मिनिटांनी आणखी एकदा. ११ वाजून ६ मिनिटांनी बायको कंटाळून फोन ठेवते. दोन मिनिटांत तिन्ही मेसेज उतरतात, आणि ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने उतरतील असे नाही. समजा पहिला सर्वांत शेवटी आला. ती परत फोन लावते आणि सर्वांत वर दिसणारा आकडा वाचते, म्हणजे ११ वाजताचा. बहुतेक यंत्रांत नवा ओटीपी मागितला की जुना रद्द होतो. केंद्रावरचे यंत्र ‘चुकीचा ओटीपी’ म्हणते. मुलगा चौथ्यांदा बटण दाबतो, आणि आता वरच्या यंत्राला संशय येतो की कोणीतरी अंदाजाने दार ठोठावते आहे. ते काही काळ मागणीच बंद करते. काउंटरवरून उत्तर मिळते : सर्व्हर डाऊन, उद्या या.

या सगळ्यात सर्व्हर डाऊन नव्हता, टॉवरही बंद नव्हता, फोनही बिघडलेला नव्हता. चार साध्या गोष्टी केल्या असत्या तर काम ११ वाजून १० मिनिटांनी झाले असते. ओटीपी मागवायच्या आधीच घरी सांगून फोन ठेवायचा. एकदा मागवला की किमान तीन-चार मिनिटे पुन्हा बटण दाबू द्यायचे नाही. मेसेज आल्यावर घरच्या माणसाने फोन लावायचा. आणि एकापेक्षा जास्त मेसेज आले असतील तर आकडे पडताळून शेवटी मागवलेला कोणता ते ठरवायचे. ते ठरवता येत नसेल तर दहा मिनिटे थांबून, जुने सगळे मेल्यावर, एकदाच नवा मागवायचा. हे सांगितले की केंद्रावरचा मुलगा वैतागतो, रांग मोठी आहे म्हणतो. त्याला सांगावे की चार वेळा बटण दाबूनच रांग मोठी होते.

घरी आकडा विचारण्याची ही सवय फसवणाऱ्यांनाही माहीत आहे. म्हणून घरच्यांना एक नियम घालून द्यावा : आपल्या ओळखीच्या आवाजाखेरीज कोणालाही आकडा वाचून दाखवायचा नाही, आणि मेसेज कशासाठी आहे हे वाचल्याशिवाय आपल्या माणसालाही नाही. व्हॉट्सॲपवर पीएम-किसानच्या नावाने येणारी ॲपची फाईल तर उघडूच नये. अशी खोटी ॲप मेसेज वाचण्याची परवानगी घेतात आणि आकडा चोराकडे पाठवतात. ओटीपी मागितला नसताना खात्यातून पैसे गेले तर १९३० या नंबरवर लगेच तक्रार करावी.

सिमची गोष्ट

हरवलेल्या किंवा बिघडलेल्या सिमच्या बदली नवे सिम घेतले तर पहिले २४ तास त्यावर मेसेज येतही नाहीत आणि जातही नाहीत. हा बिघाड नाही. दुसऱ्याच्या नंबरचे सिम काढून बँक लुटणाऱ्यांना आळा घालण्यासाठी दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये घातलेला हा नियम आहे. दुकानदार तो सांगत नाही. म्हणून आज सिम बदलून आजच नोंदणीला जाऊ नये. उलट बाजूने, आपल्या फोनची रेंज अचानक गेली आणि त्याच कंपनीचे शेजाऱ्याचे सिम चालू आहे, असे तासभर राहिले तर कंपनीच्या दुकानात जाऊन चौकशी करावी. आपल्या नंबरचे सिम दुसऱ्या कोणी काढले असेल तर आपले ओटीपी त्याच्याकडे जात असतात.

रिचार्जची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पॅक संपला की आधी बाहेर जाणारे फोन बंद होतात आणि काही दिवसांनी येणारे मेसेजही. ९० दिवस नंबर वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते. शिलकीत २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. बंद झालेला नंबर पुढचे किमान ९० दिवस कोणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो एखाद्या अनोळखी माणसाला मिळतो. आपल्या आधारला, बँकेला मात्र तोच नंबर चिकटलेला राहतो. मग आपला ओटीपी येतो, वेळेवर येतो, फक्त दुसऱ्याच्या हातात येतो.

यावर कोरडवाहू शेतकऱ्याचे रोखठोक म्हणणे असायला हवे. ज्याच्याकडे बटणाचा फोन आहे त्याला रोजचे दीड-दोन जीबी इंटरनेट कशाला? वर्षानुवर्षे कंपन्यांनी ते त्याच्या गळ्यात मारले. ज्वारी हवी असणाऱ्याला साखरेचे पोते बांधून देण्यासारखा हा प्रकार. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नियम केला की फक्त बोलणे आणि मेसेज एवढ्याचाच पॅक प्रत्येक कंपनीने ठेवला पाहिजे, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. २०२५ च्या जानेवारीत तसे पॅक बाजारात आले. दुकानदार आपणहून ते दाखवत नाही. नाव घेऊन मागावे लागतात.

वरची चाळणी

आता वरच्या बाजूला मेसेज का अडतो ते पाहू, कारण तिथे आपला काही इलाजच चालत नाही.

जाहिराती आणि फसवणूक यांना आळा म्हणून ट्रायने २०१८ मध्ये नियम केले. मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपले नाव आणि मेसेजचा मजकूर आधी मोबाईल कंपन्यांकडे नोंदवायचा. प्रत्यक्ष पाठवलेला मजकूर त्या नमुन्याशी चाळणीवर ताडून पाहिला जातो. बदलता आकडा सोडला तर बाकीचा मजकूर जुळला नाही की मेसेज तिथेच गळतो. हेतू चांगला आहे. पण ८ मार्च २०२१ ला ही चाळणी कडक केली तेव्हा देशभर बँकांचे, आधारचे, लसीकरणाच्या नोंदणीचे ओटीपी येईनासे झाले, कारण असंख्य संस्थांनी आपले नमुने नोंदवलेच नव्हते. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती चाळणी ७ दिवसांसाठी थांबवावी लागली.

त्या दिवशी ज्यांनी केंद्रावर हेलपाटा मारला त्यांना काय उत्तर मिळाले असेल? हेच की तुमच्या फोनला रेंज नाही. शेतकऱ्याचा फोन ठणठणीत होता. नमुना नोंदवला नव्हता तो संस्थेने, अडला होता तो चाळणीवर, आणि दिवस बुडाला तो रांगेतल्या माणसाचा. ही चाळणी आजही चालू आहे. एखाद्या संस्थेने मेसेजचे शब्द बदलले आणि नवा नमुना नोंदवायला विसरली तर तिचे ओटीपी आजही गळतात. ओळखायची खूण सोपी आहे : शेजाऱ्याचा साधा मेसेज येतो, बँकेचा ओटीपी येतो, पण एकाच संस्थेचा ओटीपी येत नाही आणि रांगेतल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवरही येत नाही. असे दिसले की घरी परतायच्या आधी रांगेतल्या चार जणांनी मिळून केंद्रचालकाकडून तसे लिहून घ्यावे.

आमचे म्हणणे

बँकेच्या व्यवहारात खातरजमेचा दुसरा मार्ग म्हणून एसएमएसवरच विसंबू नका, असे आता रिझर्व्ह बँकेनेच धोरण घेतले आहे. २५ सप्टेंबर २०२५ च्या तिच्या निर्देशांत मेसेजखेरीज इतर मार्गांनाही जागा आहे आणि ते निर्देश १ एप्रिल २०२६ पासून लागू करायचे ठरले. पीएम-किसानच्या ई-केवायसीलाही तीन मार्ग आहेत : ओटीपी, बोटाचा ठसा आणि चेहऱ्याची ओळख. म्हणजे ओटीपीवाचून अडावे असे यंत्रात काही नाही. अडते ते काउंटरवर. ठशाचे यंत्र बिघडलेले असते, चेहऱ्याचे ॲप उघडायला वेळ नसतो. आणि मातीत राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांना नुसता ठशाचा मार्ग दाखवूनही भागत नाही, म्हणून तिन्ही मार्ग एकाच काउंटरवर उघडे पाहिजेत.

जिल्ह्याच्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत आणि आपणही त्यांवर बोलावे. पहिली, जिथे ओटीपी सक्तीचा आहे तिथे दुसरा मार्ग त्याच दिवशी, त्याच ठिकाणी मिळाला पाहिजे. दुसरी, ओटीपी आला नाही म्हणून माणसाला परत पाठवायचे तर त्याला तारीख, वेळ आणि कारण लिहिलेली चिठ्ठी दिली पाहिजे. मालाची आवक झाल्याची पावती मिळते, तशी माणूस आल्याचीही पावती. तिसरी, अशी चिठ्ठी ज्याच्याकडे आहे त्याची नोंदणीची मुदत ओटीपीमुळे संपता कामा नये.

या मागण्यांना वजन यायचे तर आपल्या हाती पुरावा हवा. म्हणून प्रत्येक गावाने या महिन्यात एक काम करावे. एका वहीत लिहावे : ओटीपी किती वाजता मागवला, किती वाजता आला, सिम कोणत्या कंपनीचे, शेजाऱ्याचा साधा मेसेज आला का. चार रकाने, एक ओळ, एक माणूस. खालची बाजू दोषी दिसली तर मोबाईल कंपनीच्या १९८ या नंबरवर तक्रार करून तक्रार क्रमांक त्याच ओळीत लिहावा. उत्तर पटले नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. आधारच्या बाजूचे असेल तर १९४७ वर विचारावे आणि तेही लिहून ठेवावे.

रेंज नाही या दोन शब्दांवर आजवर आपल्याला परत पाठवले, कारण आपल्याकडे उलट सांगायला काही नव्हते. वही भरली की सांगता येईल की अमुक तारखेला अमुक वाजता रेंज होती, साधा मेसेज येत होता आणि तुमचा ओटीपी सव्वा तासाने आला. बैठकीला येताना ती वही घेऊन या.